मॅडमना पत्र लिहून मागितलेलं सीआय: सात महिन्यांनंतरचा अनुभव

वितरकांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवणारी आमची सहा जणांची टीम आहे आणि तिच्यात सगळ्यात नवीन मी. सात महिन्यांपूर्वी मी मॅनेजर मॅडमना सीआय मागणारं दीड पानांचं पत्र लिहिलं: कोड मर्ज होण्याआधी यंत्राने तपासावा, आणि तपासणीत नापास झाला तर मर्ज अडावा.

पत्राची सुरुवात मी आमच्याच एका शुक्रवारपासून केली होती. एका फंक्शनमध्ये `party` हे नाव बदलून `customer` केलं होतं, पण `else` मधली एक ओळ राहून गेली. चाळीस फाइलींच्या पीआरमध्ये ती कुणाच्या नजरेला पडली नाही. ती ओळ फक्त माल परत आल्यावरच चालते. त्यामुळे ग्राहकाने क्रेडिट नोट काढली तेव्हा `NameError` आली आणि आम्ही रात्री दहापर्यंत बसलो. पत्रात त्याखाली एवढंच लिहिलं, ‘हीच चूक खालची कमांड काही सेकंदांत दाखवते. मी जुन्या कोडवर चालवून पाहिली आहे.’

```
ruff check --select E9,F63,F7,F82 .
```

नियम मुद्दाम एवढेच ठेवले होते. सगळे नियम लावले असते तर आमच्या जुन्या कोडवर शेकड्याने तक्रारी आल्या असत्या आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांनी हात टेकले असते. हे चार गट वाक्यरचनेच्या चुका, न जुळणारी नावं असल्याच गोष्टी पकडतात. तिथे मतभेदाला जागा नसते.

मॅडमनी होकार दिला, पण एक अट घातली: दोन आठवडे लाल खूण दिसू दे, मर्ज अडवायचा नाही. ही अट माझ्या प्रस्तावापेक्षा शहाणी निघाली. त्या दोन आठवड्यांत चौघांनी आपणहून जुन्या चुका साफ केल्या. नंतर मर्ज अडवणं चालू केलं तेव्हा कुणाची कुरकुर नव्हती. (खाजगी रेपोवर ही अडवणूक गिटहबच्या फुकट प्लॅनमध्ये मिळत नाही. आमचा टीम प्लॅन होता म्हणून जमलं.)

खर्चाचा अंदाज मात्र माझा चुकला. दिवसाला १५ वेळा, प्रत्येकी ४ मिनिटं, २२ दिवस, म्हणजे महिन्याला १,३२० मिनिटं असं मी लिहिलं होतं. पहिल्या महिन्यात २,६०० झाली, आणि आमच्या प्लॅनची मर्यादा ३,००० ची. लोक लागोपाठ तीन-तीन छोटे पुश करतात आणि प्रत्येक पुशला तपासणी नव्याने सुरू होते, हे मी धरलंच नव्हतं. `cancel-in-progress: true` लावल्यावर नवा पुश आला की जुनी तपासणी थांबते. तेव्हापासून आकडा १,५०० च्या आसपास आहे.

ज्यासाठी हे सगळं केल्याचं समाधान वाटतं ती गोष्ट तिसऱ्या महिन्यातली. तपासणीत आमच्या टेस्टही चालतात. त्यातली बिलाच्या तारखेची एक टेस्ट अधूनमधून लाल व्हायची आणि सकाळी पुन्हा चालवली की हिरवी. टेस्टच भरवशाची नाही म्हणून ती काढून टाकायचं जवळपास ठरलं होतं. मी लाल झालेल्या सगळ्या वेळा एका कागदावर उतरवल्या. सगळ्या रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या होत्या. गिटहबचं मशीन यूटीसीवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. टेस्ट भारतीय तारीख धरत होती आणि कोडमध्ये होतं `date.today()`. आमच्या लॅपटॉपवर दोन्ही तारखा एकच, म्हणून तिथे ती कधीच फसली नाही.

खरा धक्का पुढे होता. आमचा सर्व्हरही यूटीसीवरच आहे. दुधाच्या एजन्सी पहाटे चारला बिलं काढतात आणि त्यांवर कालची तारीख पडत होती. एक तारखेच्या पहाटेचं बिल तर मागच्या महिन्याच्या जीएसटीत जाणार. दोन एजन्सी रोज हाताने तारीख दुरुस्त करत होत्या, सॉफ्टवेअर असंच असतं असं समजून. दुरुस्ती एका ओळीची होती:

```python
datetime.now(ZoneInfo("Asia/Kolkata")).date()
```

हिरव्या खुणेचा तोटाही सांगायला हवा. ती दिसली की रिव्ह्यू करणारा भरभर खाली सरकतो. पाचव्या महिन्यात ३७.०९ रुपयांच्या तीन ओळींवर ९ टक्के सीजीएसटी १०.०२ आला. प्रत्येक ओळीचा कर वेगळा गोल केला होता. बेरीज करून एकदाच गोल केला असता तर १०.०१ येतो, आणि ग्राहकाचा हिशेबनीस तसाच करतो. सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, कारण त्यावर टेस्टच नव्हती. रिव्ह्यूमध्ये हा प्रश्न माणसानेच विचारायला हवा होता.

पत्र आज लिहिलं असतं तर टेस्ट लिहायला आठवड्याचे दोन तासही त्यातच मागितले असते. ते मी मागच्या महिन्यात वेगळे मागितले आणि मिळाले. आता दर बुधवारी दुपारी टीममधले आम्ही दोघं त्यासाठी बसतो. सध्या गोल करण्याच्या टेस्ट चालू आहेत, परताव्याच्या बिलांच्या अजून बाकी आहेत.