आजीचा फोन, आतली बाई आणि ओला-सुका कचरा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मंगळवारी आजीच्या फोनातली बाई मुकी झाली आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने तिला बोलकं करायचे २,४०० रुपये सांगितले. त्या रागात लिहायला बसलोय. नाहीतर आठ महिने बरं चाललं होतं, आणि बरं चाललेल्या गोष्टीवर लिहायला कुणाला वेळ असतो.

फोनबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, माझाच जुना, एका कोपऱ्याला तडा गेलेला. कॅमेऱ्याचं वगैरे ज्याला बघायचंय त्याने दुसरीकडे बघावं. हे लिहितोय ते त्यातल्या व्हॉइस असिस्टंटबद्दल, कारण आजी फोन वापरते म्हणजे तेवढंच वापरते. तिचं वय ७८. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं 'दिवाळीनंतर बघू' असं तीन दिवाळ्या चाललंय.

तिला ही सोय कुणी शिकवली नाही. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी दुपारी आजी आणि आई सोडून सगळे झोपलेले. आजीला फोन बंद करायचा होता म्हणून तिने बाजूचं पॉवरचं बटण दाबून धरलं. हल्लीच्या बऱ्याच फोनांमध्ये ते बटण दाबून धरलं की बंद करायचा पर्याय येण्याऐवजी असिस्टंट उठतो. या सेटिंगला मी दोन वर्षं शिव्या घातल्या होत्या. आजीच्या हातात फोन टुणकन वाजला. 'अगं बाई, आज वार कोणता?' हे ती खरं तर माझ्या आईला विचारत होती. उत्तर फोनाने दिलं, गुरुवार, आणि तेही मराठीत. आजीने फोन उलटा करून मागे पाहिलं, म्हणे. त्या दिवसापासून ती 'बाई'.

आता मुख्य तक्रार. तिच्यावर मी गरजेपेक्षा जास्त लिहिणार आहे, कारण आठ महिन्यांत याबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

बाईला धीर नाही. आपण बोलता बोलता जरा थांबलो की तिला वाटतं वाक्य संपलं, आणि ती माइक बंद करून कामाला लागते. तरुण माणसाला हे जाणवत नाही. आजी मात्र म्हणते, 'देवासच्या सुधाला…', मग चष्मा नीट करते, मग '…फोन लाव'. तोवर बाई देवासची माहिती घेऊन हजर! एकदा तिने देवासची टेकडी दाखवली. आजीला वाटलं बाईला माताजींचं दर्शन घडवायचंय, तिने हात जोडले.

पहिल्या महिन्यात मी याचा दोष आजीच्या उच्चारांना दिला. मग माइकला. मग कुकरच्या शिट्टीला. शेवटी एका रविवारी तिच्याजवळ बसून दहा वेळा ऐकलं तेव्हा लक्षात आलं की गोची आपल्या वाक्यातच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत 'कॉल' हा शब्द आधी येतो, त्यामुळे माणूस पुढे अडखळला तरी फोन लावायचाय एवढं मशीनला समजलेलं असतं. आपण आधी माणूस सांगतो, मग त्याचं गाव, मग नातं, आणि काय करायचं ते सगळ्यात शेवटी. मध्ये दोन सेकंद गेले की हातात उरते फक्त सुधा. सुधाचं करायचं काय, हे सांगितलेलंच नसतं.

असिस्टंटच्या सेटिंगमध्ये 'जरा जास्त थांब' असं सांगायची सोय मला सापडली नाही. मी पूर्ण मेनू पालथा घातला. म्हाताऱ्या माणसांसाठी अक्षर मोठं करता येतं, आवाज मोठा करता येतो, मग थांबणं मोठं करायला काय हरकत होती?

उपाय आजीनेच काढला. ती आता वाक्य उलटं करते. 'फोन लाव सुधाला.' यात 'फोन लाव' एवढंच बोलून ती थांबली तरी बाई 'कुणाला?' असं विचारते आणि माइक पुन्हा उघडते. हुकूम आधी, नाव नंतर. सकाळी पूजेला बसण्याआधी ती पदराने स्क्रीन पुसते, बटण दाबते आणि एका दमात म्हणून टाकते, मधे श्वाससुद्धा घेत नाही. लांबचं काही सांगायचं असेल तर आधी मनात जुळवून घेते. मी तिला बटण दाबण्याआधी ओठ हलवताना पाहिलंय.

दुसरं छोटं काम मी केलं. काकाने सगळे नंबर इंग्रजीत 'Sudha Dewas New 2' अशा थाटात भरले होते. ते मी देवनागरीत, आजी ज्या नावाने हाक मारते त्या नावाने भरले. मंगल कामवाली नुसती 'मंगल', डॉक्टर नुसते 'डॉक्टर'. दोन सुधा होत्या, त्यातली नागपूरची 'माई' झाली. एका नावाची दोन माणसं असली की बाई 'कोणती?' असं विचारते, आणि मग पुन्हा तीच थांबण्याची शर्यत. यानंतर दहातले आठ फोन बरोबर लागू लागले.

आता अ‍ॅप्स. फोन भरला. 'जागा शिल्लक नाही' हे रोज येऊ लागलं, आणि आजीने जाहीर केलं की ती स्वतः आवरणार.

इंदूरच्या माणसाला कचरा वेगळा करायला शिकवावं लागत नाही. सकाळी गाणं वाजवत गाडी आली की आजी दोन डबे घेऊन दारात, आणि शेजारच्यांच्या डब्यातही डोकावते. फोनलाही तिने तोच न्याय लावला. मी एकेक अ‍ॅप वाचायचं, काय करतं ते सांगायचं, ती निकाल देणार. 'ओला' म्हणजे राहिलं तर वास सुटणारं : रोज काहीतरी पाठवणारं, मध्येच जाहिरात दाखवणारं. ते उडवायचं. 'सुका' म्हणजे पडून राहिलं तरी त्रास न देणारं. ते बाजूला ठेवायचं. आणि राखायचं काय, याची कसोटी एकच : 'ज्याचं नाव मला घेता येत नाही आणि बाईला उघडता येत नाही, ते माझ्या काय कामाचं?'

या कसोटीत तीन गेम, एक फोन 'साफ' करणारं अ‍ॅप आणि लॉक स्क्रीनवर बातम्या फेकणारं एक अ‍ॅप पहिल्या दहा मिनिटांत गेलं. व्हॉट्सॲप राहिलं. पंचांग राहिलं. रेल्वे कुठवर आली ते सांगणारं राहिलं, कारण माई नागपूरहून येते. पैसे पाठवायचं अ‍ॅप मी ठेवू म्हणालो, तर आजी म्हणाली, 'पिन बाईला सांगायचा?' मी म्हणालो, नाही, यूपीआयचा पिन बोटांनीच टाकावा लागतो. 'मग दिसायला हवं. मला दिसत नाही. आणि पैशाची गोष्ट तिसऱ्या बाईसमोर नको.' गेलं. हवामानाचं अ‍ॅपही गेलं, कारण 'उद्या पाऊस आहे का' याला बाईच उत्तर देते. उन्हाळ्यात कुरडया घालायच्या की नाही हे तिच्या सांगण्यावरून ठरलं, आणि निघालं खरं.

जागा मात्र या सगळ्याने फारशी मोकळी झाली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. फोनबरोबर आलेली बरीचशी अ‍ॅप्स काढता येत नाहीत, फक्त Disable होतात, आणि त्यात मूळ अ‍ॅप तिथेच राहतं. सुटतो तो फक्त अपडेटचा आणि साठलेल्या डेटाचा भाग. खरी जागा खाल्ली होती व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभाताच्या चित्रांनी. ती पुसली तेव्हा चार जीबी सुटले. त्यात सूर्योदयच जास्त.

आणि आता मंगळवार. सोमवारी रात्री आवरण्याचा शेवटचा हप्ता झाला होता. सकाळी आजीने बटण दाबलं, काही नाही. मी दाबलं, काही नाही. मी फोन घेऊन सर्व्हिस सेंटरला. पोराने मागचं झाकणही न उघडता सांगितलं, 'भिया, माइक गया, बोर्ड भी देखना पड़ेगा,' आणि आकडा. एवढ्यात मी सराफ्याच्या खाऊगल्लीत अख्ख्या खानदानाला भुट्ट्याचा कीस खाऊ घालीन. भांडलो, फोन घेऊन परत आलो.

घरी येऊन आधी करायला हवं होतं ते केलं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच आवाजी निरोप पाठवला. स्वच्छ ऐकू आला. म्हणजे माइक ठीक, बोर्डाचा संबंध नाही, बिघाड फक्त बाईचा. मग सेटिंगमध्ये सगळ्या अ‍ॅप्सची यादी उघडली, बंद केलेली तेवढी निवडली, आणि उत्तर वरच दिसलं.

फोनबरोबर आलेलं शोधाचं अ‍ॅप. सोमवारी मी ते वाचलं होतं, 'हे काहीही शोधायला', आणि आजी म्हणाली होती, 'शोधायचं तर बाई शोधते, हे कशाला? सुका.' आणि मी Disable दाबलं होतं. असिस्टंट त्याच अ‍ॅपातून चालतो. बाईला आम्ही तिच्याच घरासकट डब्यात टाकलं होतं. दुसरी अ‍ॅप्स नीट चालणार नाहीत अशी सूचनाही आली होती. ती न वाचता ओके दाबणारा मीच.

तेव्हा सर्व्हिस सेंटरवरचा माझा राग निम्मा करतो. निम्माच. न उघडता बोर्ड सांगणं हे सांगणंच झालं.

Enable करून भागत नाही, हेही ज्याला गरज पडेल त्याने लक्षात ठेवावं. आमच्या फोनवर ते अ‍ॅप जुन्या आवृत्तीत परतलं होतं, ते पुन्हा अपडेट करावं लागलं. मग डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये Digital assistant app पाहिलं तर तिथे None. ते निवडलं, भाषा पुन्हा मराठी केली, तेव्हा कुठे बटण दाबल्यावर टुण्ण झालं. एकूण वीस मिनिटं आणि शून्य रुपये.

आजीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग बटण दाबून म्हणाली, 'फोन लाव सुधाला', आणि सुधाताईला मी तिची बाई कशी फेकून दिली ते सविस्तर सांगितलं. स्वतःचा निकाल त्यात कुठेच आला नाही.

काल काकाने कुठलंसं बातम्यांचं अ‍ॅप टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत आजीचा निकाल लागला होता, ओला. मी काढायला हात पुढे केला तर तिने मनगट धरलं. 'थांब. आधी बघ, आत कुणी राहत नाही ना.'