फ्री लूकमध्ये पॉलिसी परत करायची? आरोग्य आणि आयुर्विम्याचं गणित वेगळं

पॉलिसीची कागदपत्रं हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, यालाच फ्री लूक म्हणतात. हा नियम 2024 पासून आरोग्य आणि आयुर्विमा दोन्हींना सारखाच आहे. मुदत हुकली तर काय होतं, यात मात्र दोन्हींत बराच फरक आहे.

आधी आरोग्य विमा. समजा वर्षाचा हप्ता 18,250 रुपये, म्हणजे दिवसाला 50. विसाव्या दिवशी परत केलीत तर 20 दिवसांच्या संरक्षणाचे 1,000, कंपनीने वैद्यकीय तपासणीवर केलेला खर्च (समजा 1,500) आणि किरकोळ मुद्रांक शुल्क कापून साधारण 15,750 परत येतात. आता मुदत हुकली आणि 90 दिवसांनी जाग आली, तरी एक वर्षाची पॉलिसी सात दिवसांची लेखी सूचना देऊन रद्द करता येते. क्लेम घेतलेला नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात. म्हणून इथे घाई नको. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी सोडू नका, नाहीतर मधले काही दिवस विम्याविना जातील. नूतनीकरणाला फ्री लूक नसतो, हेही ध्यानात ठेवा.

आयुर्विम्यात मात्र एकतिसावा दिवस महागात पडतो. एफडी काढायला गेलेल्या माणसाच्या हाती वर्षाला एक लाख हप्त्याची एंडोमेंट, म्हणजे बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी पडते, हा नेहमीचा प्रकार. विमा रक्कम 10 लाख असेल तर मुद्रांक शुल्क सुमारे 200 रुपये. त्यात 20 दिवसांच्या जोखमीचा थोडा हप्ता आणि तपासणी झाली असल्यास तिचा खर्च धरला, तरी जवळजवळ पूर्ण लाख परत येतो. चाळिसाव्या दिवशी त्याच पॉलिसीचे काहीच मिळत नाही. सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर मिळणारी रक्कम, पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरच सुरू होते, आणि तीही भरलेल्या रकमेपेक्षा बरंच कमी. युलिपमध्ये, म्हणजे बाजारात पैसे गुंतवणाऱ्या विमा पॉलिसीत, आणखी एक मेख आहे. युनिट रद्द करण्याच्या दिवशीचा भाव लागतो, त्यामुळे बाजार पडला असेल तर तो तोटा तुमचा.

अर्ज एजंटच्या हाती देऊ नका. "साहेब, दुसरा प्लॅन करून देतो" म्हणत तो आठवडा काढतो आणि मुदत संपते. कंपनीच्या ग्राहकसेवेच्या ईमेलवर पॉलिसी क्रमांक, "फ्री लूकखाली रद्द करावी" हे वाक्य, कारण, रद्द केलेला चेक आणि पॉलिसी मिळाल्याच्या तारखेचा पुरावा पाठवा, आणि पोचक्रमांक मागून घ्या. दिवस पॉलिसी निघाल्यापासून नव्हे, मिळाल्यापासून मोजायचे. ईमेलने आली असेल तर त्या ईमेलची तारीख धरा. स्पीड पोस्टने आली असेल तर पाकीट फेकू नका.

अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत पैसे यायला हवेत. नाही आले तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात त्याची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत.