नाव बदलायचं की ईमेल? स्टीम आणि एपिकमधला फरक

नाशिकला सिडकोत राहणारा माझा भाचा यंदा इंजिनीअरिंग संपवतोय. कॉलेजचा ईमेल बंद होणार, म्हणून गेमिंग खात्यांवरचा पत्ता बदलायचाय. शिवाय जुनं नाव आता त्याला पोरकट वाटतं!

स्टीमवर ईमेल बदलला तरी साइन-इनला काही होत नाही, कारण तिथे खात्याचं नाव टाकावं लागतं आणि ते कधीच बदलता येत नाही. बदलतं ते फक्त मित्रांना दिसणारं प्रोफाइल नाव. लोक तेच नवं नाव साइन-इनच्या चौकटीत टाकतात, मग पासवर्ड बरोबर असूनही चूक दाखवतं. अशा वेळी पासवर्ड रीसेट करण्याआधी जुनं खातेनाव टाकून बघा.

एपिकवर उलटं आहे. डिस्प्ले नाव बिनधास्त बदला, फक्त पुढचा बदल दोन आठवड्यांनी करता येतो. खरी जोखीम ईमेलची, कारण साइन-इन त्यानेच होतं. तो बदलताना सुरक्षा कोड जुन्या पत्त्यावर येतो. भाच्याचा कॉलेजचा इनबॉक्स आधीच बंद झाला असता, तर कोड बघायला जागाच नसती आणि सपोर्टच्या मागे लागावं लागलं असतं. म्हणून निकालाची वाट न बघता एपिकचा ईमेल आत्ताच बदल, असं मी त्याला सांगितलं. स्टीमचा पत्ताही इनबॉक्स चालू आहे तोवर बदललेला बरा, पासवर्ड विसरला तर मेल तिथेच जाणार. नाव काय, कधीही बदलेल.