खूण सांगावी की वर्ग सांगावा?

‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ या कोड्यावर कोणी अडले की सूचना दोन प्रकारे देता येते.

पहिली म्हणजे ‘हा शरीराचा अवयव आहे’ असा वर्ग सांगणे. ही सोपी खरी, पण तिने शोध थांबतो आणि अंदाज सुरू होतो. ऐकणारा डोळा, कान, नाक अशी यादी म्हणत चौथ्या-पाचव्या फेरीत ‘जीभ’ म्हणतो आणि चिरे कोणते, हे त्याला तरीही सांगता येत नाही.

दुसरी सूचना कोड्यातल्याच शब्दाकडे बोट दाखवते: ‘नागिणीला तूर्त सोडा, नेमके बत्तीस काय असते ते पाहा.’ आकड्यावरून दात सुचतात, घडीव दगडांसारखी त्यांची ओळ डोळ्यांपुढे येते आणि त्या भिंतीआड वळवळणारी नागीण आपोआप सापडते. मला हीच पसंत आहे. मात्र दुधाचे दात वीसच असल्याने लहान मुलाला हा आकडा परका वाटतो, तेव्हा ‘चिरे पांढरे आहेत’ एवढे जोडावे. ‘चिरे म्हणजे दात’ असे म्हटले, तर उत्तरच दिल्यासारखे होते.