तूप कढवायचं, पण कशाचं: सायीचं की विकतच्या लोण्याचं?

आमच्याकडे रोज एक लिटर म्हशीचं दूध येतं. तापवून फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी भाकरीसारखी साय निघते. माझ्या बहिणीकडे मात्र दोघांपुरतं अर्धा लिटर टोन्ड दूध. ती महिनाभर साय साठवते आणि शेवटी वाटीभर तूप निघालं म्हणून चिडते. तिला मी सांगितलं, तू लोणी विकत आण. दूध कोणतं आणि किती येतं, यावरच निम्मा निर्णय होतो. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' लिहिलं असेल तर साय पातळच येणार. परदेशातल्या आपल्या लोकांना म्हणूनच बटरशिवाय गत्यंतर नसतं.

विकतचं लोणी घेताना बिनमिठाचं घ्या. पावाला लावायच्या पिवळ्या बटरमध्ये मीठ असतं. ते तुपात विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून गाळलेलं तूप खारट लागत नाही. पण बेरी तोंडात घालवत नाही. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी. त्यामुळे अर्ध्या किलोचं चारशे ग्रॅमच्या आत-बाहेर तूप होतं आणि तेही अर्ध्या तासात. उणीव एकच, वास. साधं बटर विरजलेल्या सायीचं नसतं, त्यामुळे तूप स्वच्छ होतं, पण डबा उघडल्यावर घर दरवळत नाही. 'कल्चर्ड' लिहिलेलं बटर मिळालं तर ही कसर बरीच भरून निघते.

सायीचा खरा मोबदला त्या वासातच आहे. साय आठ-दहा दिवस फ्रीझरमध्ये साठवायची, मग बाहेर काढून कोमट झाली की दोन चमचे दही लावून रात्रभर विरजायची. नुसती फ्रिजमध्ये पंधरा दिवस ठेवली तर ती कडवट होते, आणि तो कडवटपणा कढवूनही जात नाही. दुसऱ्या दिवशी घुसळताना उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घाला, थंडीत किंचित कोमट. लोण्याचा गोळा वर आला की ताक काढून घ्या आणि गोळा दोन-तीन पाण्यांनी धुवा. हे धुणं टाळलं तर ताकाचा अंश तळाला लागतो आणि तूप कढायच्या आधीच बेरी करपते.

साय न घुसळता थेट कढईत घालणारेही आहेत. वेळ वाचतो असं वाटतं, पण वाचत नाही. सायीतलं प्रथिन भरपूर असल्याने खव्यासारखा चोथा होतो, तो सतत ढवळावा लागतो आणि बरंचसं तूप स्वतःतच धरून ठेवतो. घरात त्या बेरीत साखर घालून खाणारी मुलं असतील तरच मी या वाटेला जाईन.

झालं कधी हे ओळखायला डोळ्यांआधी कान लावा. लोणी वितळलं की पाणी उकळतं, मोठे बुडबुडे येतात आणि कढई बडबडत असते. पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, म्हणून तोवर धुतलेल्या लोण्याचं सहसा काही करपत नाही. मग आवाज मंदावतो, बुडबुडे बारीक होतात, फेस बाजूला सारला की तळ दिसतो. इथून पुढची दोन-तीन मिनिटं जागचं हलू नका. पाणी संपल्यामुळे तापमान झपाट्याने चढतं. बेरी बदामी झाली की गॅस बंद. गडद होईपर्यंत थांबलात तर फसाल, कारण जाड बुडाच्या कढईत ती बंद गॅसवरही रंगत राहते. मी तर लगेच कढई दुसऱ्या ओट्यावर उचलून ठेवते.

घाई करून कच्चं काढलं तर काय होतं, ते मी एकदा पाहिलंय. गाळताना तूप गढूळ दिसत होतं, निवळेल म्हणून बरणीत भरलं. आठवड्यात तळाशी पांढुरका थर आणि आंबूस वास. तूप गढूळ दिसलं तर त्याच दिवशी परत कढवा. वास सुटल्यावर उपयोग नाही.

साठवणीत दोन्ही तुपांचा नियम एकच: पाणी, ऊन आणि हवा लांब. कोरड्या स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत गाळा. गरम असताना झाकण लावलंत तर वाफेचं पाणी परत तुपातच पडेल. तांब्या-पितळेचं भांडं नको, त्यात तूप लवकर खवट होतं. कणी हवी असेल तर ओट्यावरच सावकाश थिजू द्या. फ्रिजमध्ये घातलेलं तूप गुळगुळीत घट्ट होतं. म्हशीच्या तुपाला कणी मोठी येते, तेव्हा तुमचं तूप रवाळ झालं नाही तर आधी दूध कोणतं होतं ते आठवा. नीट कढलेलं तूप फ्रिजबाहेर काही महिने सहज टिकतं. मात्र मोठ्या डब्यातून आठवड्यापुरतं छोट्या वाडग्यात काढा, म्हणजे आमटीत बुडवलेला चमचा सगळ्या डब्यात जाणार नाही.