एबिटडा सारखा, पण कंपन्या सारख्या नाहीत: दोन निकालांची तुलना

दोन कंपन्यांचे वार्षिक निकाल समोर आहेत असे धरू. दोघींची विक्री ५०० कोटी, दोघींचा एबिटडा १०० कोटी, आणि बाजार दोघींनाही एबिटडाच्या सातपट मोल देतो आहे. विश्लेषकाच्या तक्त्यात या दोघी एकाखाली एक येतात आणि पुढे 'मूल्यांकन समान' असा शेरा पडतो. प्रत्यक्षात भागधारकाच्या दृष्टीने त्यांतली एक दुसरीच्या दुपटीहून महाग आहे. हा फरक एबिटडाच्या रेषेखाली दडलेला असतो, म्हणून आधी ती रेषा कुठे आखतात ते पाहू.

एबिटडा म्हणजे व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन वजा करण्याआधीचा नफा. यंत्रे-इमारतींची किंमत त्यांच्या आयुष्यावर वाटून दरवर्षी खर्ची टाकतात तो घसारा. पेटंट, परवाने, सॉफ्टवेअर अशा अमूर्त मालमत्तेबाबत हेच केले की ते अमॉर्टायझेशन. निकालात हा आकडा स्वतंत्र दिला नसेल तर निव्वळ नफ्यापासून वर चढत जायचे: त्यात कर मिळवा, व्याजखर्च मिळवा, घसारा आणि अमॉर्टायझेशन मिळवा. ठेवींवरचे व्याज किंवा गुंतवणुकीवरचा लाभ 'इतर उत्पन्न' म्हणून आला असेल तर तो बहुतेक विश्लेषक वगळतात, कारण तो धंद्यातून आलेला नसतो. काही कंपन्या मात्र तो धरूनच आकडा सांगतात. तुम्ही कोणतीही पद्धत घ्या, पण दोन्ही कंपन्यांना तीच लावा. तुलनेतल्या बऱ्याच चुका इथेच होतात.

आता दोघींचे आकडे, सगळे कोटींत:

| | कंपनी अ | कंपनी ब |
|---|---|---|
| विक्री | ५०० | ५०० |
| एबिटडा | १०० | १०० |
| घसारा व अमॉर्टायझेशन | ५० | १० |
| एबिट (व्याज व करापूर्वीचा नफा) | ५० | ९० |
| व्याज | २० | २ |
| कर (२५ टक्के) | ७.५ | २२ |
| निव्वळ नफा | २२.५ | ६६ |
| कर्ज | २०० | २० |
| भांडवली खर्च | ५५ | १० |

अ ही भट्ट्या आणि अवजड यंत्रे चालवणारी कंपनी आहे, ब सेवा पुरवणारी. सोयीसाठी दोघींकडे शिल्लक रोकड नाही असे धरले आहे.

सातपट मोल म्हणजे दोघींची एंटरप्राइज व्हॅल्यू, म्हणजे कर्जासह संपूर्ण धंद्याची किंमत, ७०० कोटी. त्यातून कर्ज वजा केले की भागधारकांच्या वाट्याला अमध्ये ५०० कोटी आणि बमध्ये ६८० कोटी येतात. ही किंमत निव्वळ नफ्याने भागा. अचा भाव नफ्याच्या सुमारे २२ पट निघतो, बचा १० पटीच्या आसपास. कर्जासह ७०० कोटींची किंमत एबिटने भागली तरी १४ पट आणि ७.८ पट. एबिटडाच्या तक्त्यात मात्र दोघी तंतोतंत सारख्या!

मग गुंतवणूकदार हा आकडा सांगतात तरी का

कारण काही तुलना खरोखर यानेच नीट होतात. अच्याच धंद्यात तसाच कारखाना असलेली, पण एक पैसाही कर्ज नसलेली तिसरी कंपनी क घ्या. तिचाही एबिटडा १००, घसारा ५०. व्याज नसल्याने करपूर्व नफा ५०, कर १२.५ आणि निव्वळ नफा ३७.५. फक्त निव्वळ नफा पाहणाऱ्याला क ही अच्या दीडपटीहून जास्त सरस वाटेल. पण दोन्ही कारखाने माल तितक्याच कार्यक्षमतेने बनवतात. पैसा कुठून उभा केला एवढाच फरक आहे. धंदा विकत घेणारा जुने कर्ज फेडून आपल्या पद्धतीने भांडवल उभारणार असेल, तर त्याला आधीच्या मालकाच्या व्याजाशी कर्तव्य नसते. घसाऱ्याचेही तसेच. एक कंपनी यंत्राचे आयुष्य १० वर्षे धरते, दुसरी १५. एक समान हप्त्यांनी घसारा लावते, दुसरी सुरुवातीला जास्त. यंत्र तेच असूनही नफा वेगळा दिसतो. एबिटडा हे दोन्ही फरक पुसून टाकतो.

या आकड्याला वजन मिळवून देण्याचे श्रेय सहसा जॉन मलोन यांना दिले जाते. १९७० च्या दशकात अमेरिकेत टीसीआय ही केबल कंपनी चालवताना त्यांचा भर निव्वळ नफ्यावर नव्हता. केबलचे जाळे एकदा टाकले की घसारा मोठा, कर्ज मोठे, म्हणून कागदावर नफा जेमतेम. पण वर्गणीचा पैसा नियमित येतो आणि त्यातून व्याज भागते. १९८० च्या दशकात कर्ज काढून कंपन्या विकत घेण्याची लाट आली तेव्हा सावकारांनीही हाच आकडा उचलला. आजही कर्जाच्या करारात 'कर्ज एबिटडाच्या अमुक पटीवर जाता कामा नये' अशी अट असते. अचे हे प्रमाण २ पट, बचे ०.२ पट. ही अट मोडली तर हप्ते वेळेवर भरत असूनही सावकार व्याजदर वाढवू शकतो किंवा कर्ज परत मागू शकतो, म्हणून कर्जबाजारी कंपनीचे व्यवस्थापन या आकड्याला फार जपते.

रेषेखाली काय उरते

अकडे परत येऊ. घसाऱ्यात या वर्षी रोख जात नाही हे खरे, म्हणून तो परत मिळवणे रास्त वाटते. पण रोख आधी गेलेली असते आणि यंत्र झिजले की पुन्हा जाणार असते. अचा कारखाना नुसता आहे तसा चालू ठेवायलाच वर्षाला ५५ कोटी लागतात, म्हणजे घसाऱ्यापेक्षाही थोडे जास्त, कारण नवे यंत्र जुन्याच्या किमतीत मिळत नाही. १०० कोटींतून ५५ कोटी यंत्रांना, २० कोटी व्याजाला, ७.५ कोटी कराला गेले की १७.५ कोटी उरतात. बकडे हाच हिशेब ६६ कोटींवर थांबतो.

म्हणून भांडवली खर्चात तफावत असलेल्या कंपन्या तोलताना एबिटडातून भांडवली खर्च वजा करून पाहावे: अ ४५, ब ९०. कंपनी नवा प्रकल्प उभारत असेल तर त्याचा खर्च बाजूला काढून फक्त चालू कारखाना टिकवण्याचा खर्च धरा. तो वेगळा दाखवला नसेल तर पाच-सात वर्षांच्या घसाऱ्याची सरासरी हा कामचलाऊ अंदाज आहे. महागाईच्या काळात तो कमी पडतो.

आकडा फुगतो कसा

पहिला मार्ग पूर्ण कायदेशीर आहे. १ जानेवारी २०१९ पासून आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार दीर्घ मुदतीचे भाडेकरार ताळेबंदात येतात. भाडे हा खर्च नफा-तोटा पत्रकातून निघून जातो आणि त्याच्या जागी घसारा व व्याज येतात. एखादी दुकानसाखळी वर्षाला ३० कोटी भाडे देत होती आणि तिचा एबिटडा ७० होता असे समजा. नियम बदलताच तो १०० झाला, कारण दोन्ही नवे खर्च रेषेखाली गेले. घरमालकाला मात्र तेच ३० कोटी जात आहेत. अमेरिकी लेखापद्धतीत 'ऑपरेटिंग' प्रकारचे भाडे अजूनही रेषेच्या वरच राहते, त्यामुळे दोन पद्धतींच्या साखळ्या थेट तोलता येत नाहीत. फुगलेला एबिटडा वापरायचाच असेल तर भाडेकराराचे दायित्व कर्जात मिळवा. नाहीतर भाडे वजा करून जुना आकडा काढा. एकीकडे नवा एबिटडा आणि दुसरीकडे दायित्व सोडून मोजलेले कर्ज घेतले की कंपनी हमखास स्वस्त दिसते.

दुसरा मार्ग म्हणजे रोजचा खर्च मालमत्ता म्हणून नोंदवणे. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीने इतर कंपन्यांच्या लाइन वापरण्याचे भाडे भांडवली खर्चात टाकले होते. जून २००२ मध्ये कबूल केलेली रक्कम ३८० कोटी डॉलरच्या आसपास होती. अशा नोंदीने तो खर्च एबिटडातून पूर्ण गायब होतो. आणि व्यवसायातून आलेली रोखही फुगते, कारण रोख प्रवाह पत्रकात ती रक्कम गुंतवणुकीच्या भागात सरकते. म्हणजे 'रोख तर येते आहे ना' ही नेहमीची तपासणी इथे फसते. भांडवली खर्च वजा केल्यावर उरणारी रोख मात्र बदलत नाही. विक्री जागच्या जागी असताना भांडवली खर्च चढत असेल आणि नवी क्षमता कुठे दिसत नसेल, तर टीपांमध्ये काय काय मालमत्ता म्हणून नोंदले आहे ते वाचायलाच हवे.

तिसरा मार्ग म्हणजे 'समायोजित' एबिटडा. पुनर्रचनेचा खर्च, कोर्टकचेरी, कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर असे खर्च 'एकदाच होणारे' किंवा 'रोख नसलेले' म्हणून परत मिळवले जातात. कार्यालयांची जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्क कंपनीने २०१८ मध्ये रोखे विकताना 'कम्युनिटी ॲडजस्टेड' एबिटडा मांडला. त्यात विपणन आणि कार्यालयीन खर्चही बाजूला ठेवले होते, त्यामुळे तोट्यातल्या कंपनीचा आकडा बेरजेत आला. पुनर्रचना दर वर्षी होत असेल तर ती एकदाच होणारी नव्हे. शेअरच्या रूपातल्या पगारात रोख जात नाही, पण तुमचा हिस्सा पातळ होतो. मी तो खर्चच धरतो.

बँक किंवा वित्तकंपनीला एबिटडा लावूच नये. व्याज हा तिचा कच्चा माल आहे. तोच वगळला तर मोजायला काही उरत नाही.

राहिली ब. आतापर्यंतच्या हिशेबात ती सरस आहे, पण तिच्या ताळेबंदात गेल्या वर्षी ग्राहकांकडून येणी ९० कोटी होती, या वर्षी ११५. विक्री ४८० वरून ५०० झाली, म्हणजे वाढ ४ टक्के. येणी २८ टक्क्यांनी वाढली. पैसे मिळायला आधी साधारण ६८ दिवस लागत होते, आता ८४. बिल फाडले की ते एबिटडात धरले जाते, पैसे आले की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ही २५ कोटींची वाढ वजा केली की मघाचे ६६ कोटी ४१ वर येतात. तरीही अच्या तुलनेत ब स्वस्तच ठरते, पण विकत घेण्याआधी येण्यांचे वयवार विवरण पाहावे: सहा महिन्यांहून जुनी रक्कम किती, तिच्यासाठी तरतूद किती, आणि ती एखाद-दुसऱ्या ग्राहकाकडेच अडकली आहे का.