निबंध तपासताना: स्पेलचेकर की मोठ्याने वाचन?

दहावीच्या निबंधातलं हे वाक्य घ्या: ‘पर्यावरण दीन जवळ आला म्हणून, परिक्षा असूनही विद्यार्थ्यांनी झाडे लावले.’

स्पेलचेकर ‘परिक्षा’ पकडेल, कारण शुद्ध रूप ‘परीक्षा’. पण ‘लावले’ हाही खराच शब्द, म्हणून तो सुटेल. मोठ्याने वाचलं तर मात्र कान अडखळतो: झाडे लावली! कर्त्याला ‘नी’ लागला की क्रियापद इथे कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. नेमकी हीच चूक यंत्राला दिसत नाही.

‘दीन’ मात्र दोघांनाही चकवतो. शब्द खरा, उच्चारही जवळपास ‘दिन’सारखाच, फक्त अर्थ ‘गरीब’. तिथे शब्दकोश किंवा शिक्षकच हवेत.

परीक्षेत स्पेलचेकर नसतो, त्यामुळे मी आधी कानाने तपासायला सांगेन, ऱ्हस्व-दीर्घ नंतर.